बंद लिफाफ्यातील समतोल

१९३० साली स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात सुमारे २०,००० शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या मुलांना चार महिने रोज शाळेत दूध द्यावयाचे, निम्म्यांना द्यावयाचे नाही, आणि अखेरीस दोहोंची उंची व वजन ताडून पाहावयाचे, अशी योजना होती. मुलांची निवड काही शाळांत चिठ्ठ्या टाकून, तर काही शाळांत नावांच्या वर्णानुक्रमाने झाली. मात्र त्याबरोबर शिक्षकांना अशी मुभा देण्यात आली होती की, एखाद्या गटात सुदृढ वा हडकुळ्या मुलांचा भरणा अधिक झाल्याचे दिसल्यास त्यांनी अदलाबदल करून समतोल साधावा. हेतू निर्मळ होता. परंतु प्रयोगाअंती आकडे तपासले तेव्हा असे आढळले की, दूध न मिळालेली मुले आरंभीच दूध मिळालेल्या मुलांहून वजनात सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीत सुमारे चार महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती. गिनेस मद्यशाळेत नोकरीस असलेले आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी १९३१ साली या प्रयोगाची चिकित्सा करताना त्याचे जे कारण सुचवले ते मला नेहमी हेलावून जाते: गरीब, अशक्त पोर समोर उभे असताना शिक्षकांनी, कदाचित नकळत, त्याच्याच हाती दुधाचा पेला दिला असावा.

माझ्या कामातील सारी खबरदारी या एका प्रकरणात सामावलेली आहे, असे मी मानतो. वैद्यकीय प्रयोगात कोणत्या सहभागी व्यक्तीने उपचारगटात जावे आणि कोणी नियंत्रणगटात, याची यादी सिद्ध करणे हे माझे काम. दोन्ही गटांत वय आणि लिंग यांचा समतोल हवा, ही मागणी लॅनार्कशायरच्या शिक्षकांपुढे होती तशीच माझ्यापुढेही असते. परंतु तो समतोल कोणाही माणसाने समोरच्या माणसाकडे पाहून साधता कामा नये. पहिली व्यक्ती दवाखान्याच्या पायरीवर येण्यापूर्वीच तो यादीच्या घडणीत उतरलेला असावा लागतो.

नाणे फेकून निर्णय घेतला तर काय बिघडते, हा प्रश्न दर नव्या अभ्यासाच्या वेळी कोणीतरी विचारतो, आणि तो योग्यच असतो. माणसे हजारोंनी असतील तर फारसे बिघडत नाही. पण आमचे अभ्यास बहुधा लहान असतात. तालुक्याच्या एका दवाखान्यातील उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे उदाहरण घ्यावे: एका गटाला नेहमीच्या गोळ्या, दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि शिवाय आरोग्यसेविकेची दर पंधरवड्याची घरभेट. समजा, पन्नाशी ओलांडलेल्या आठच स्त्रिया या अभ्यासात आल्या. त्यांची वाटणी नाण्यावर सोपवली, तर चार-चार अशी नेमकी विभागणी होण्याचा संभव शेकडा २७ एवढाच. उलट सहा-दोन किंवा त्याहूनही विषम वाटणी होण्याचा संभव शेकडा २९ इतका असतो. वयाबरोबर रक्तदाब वाढतो, हे सर्वविदित आहे. तेव्हा एका गटात वृद्ध स्त्रियांचा असा भरणा झाला की, अखेरीस दिसणारा फरक घरभेटींचा की वयाचा, हे सांगणे कठीण होऊन बसते.

म्हणून प्रथम स्तर पाडावयाचे. स्त्री आणि पुरुष, पन्नाशीच्या आतील आणि पन्नास वा त्यावरील, असे येथे चार स्तर होतात, आणि प्रत्येक स्तराची यादी स्वतंत्र असते. मग प्रत्येक यादी लहान लहान ब्लॉकांत बांधावयाची. चार जणांच्या ब्लॉकात दोन उपचाराचे आणि दोन नियंत्रणाचे, हे ठरलेले. अनिश्चित असतो तो केवळ त्यांचा क्रम. असे क्रम मोजून सहाच होतात, आणि फाशाला बाजूही सहाच असल्यामुळे नवशिक्यांना शिकवताना मी फासाच हाती देतो. उपचारासाठी ‘उ’ आणि नियंत्रणासाठी ‘नि’ लिहिले, तर एक पडल्यास उ उ नि नि, दोन पडल्यास उ नि उ नि, तीनला उ नि नि उ, चारला नि उ उ नि, पाचला नि उ नि उ आणि सहाला नि नि उ उ. पन्नाशीवरील स्त्रियांच्या स्तरासाठी फासा तीन वेळा टाकला आणि तीन, सहा, एक असे दान पडले, तर बारा जागांची यादी अशी उतरते:

उ नि नि उ, नि नि उ उ, उ उ नि नि.

सहा उपचाराच्या, सहा नियंत्रणाच्या. भरती मध्येच कोठेही थांबली, तरी या स्तरात दोन गटांतील अंतर दोहोंपेक्षा अधिक होऊ शकत नाही, आणि पद्धतीचे सारे बळ या एका बंधनात आहे. याच यादीत सातव्यापासून दहाव्या जागेपर्यंत सलग चार ‘उ’ आलेले दिसतील. शिकाऊ माणसाला ते खटकते. त्याला वाटते, फासा चुकला, शेवटचे दान पुन्हा टाकावे. ते टाकू देऊ नये. डोळ्याला विसकळीत दिसावी म्हणून सुधारलेली यादी ही यादृच्छिक राहत नाही; तिच्यात यादी करणाऱ्याची आवड शिरते. प्रत्यक्ष अभ्यासाची यादी अर्थातच संगणकावर तयार होते, आणि ज्या आरंभीच्या अंकापासून ती निर्माण झाली तो अंक दप्तरात मोहोरबंद ठेवला जातो, म्हणजे पुढे कोणी शंका घेतल्यास तीच यादी पुन्हा काढून दाखवता येते.

यादी झाली की लिफाफे. ब्रिटनमध्ये १९४७ साली सुरू झालेल्या, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध चाचणीत ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णालयागणिक आणि स्त्री-पुरुषांगणिक वेगळ्या मालिका करून त्या मोहोरबंद लिफाफ्यांतून पाठवल्या होत्या. आमची रीत त्याच घराण्यातली. लिफाफा जाड आणि अपारदर्शक असावा, आतील चिठ्ठी ॲल्युमिनियमच्या वर्खात दुमडलेली असावी, म्हणजे दिव्यासमोर धरूनही अक्षर उमटणार नाही. बाहेर स्तराचे नाव आणि अनुक्रमांक. चिठ्ठीवर कार्बनचा एक तुकडा ठेवलेला असतो. रुग्णाचे नाव व तारीख बंद लिफाफ्यावर दाबून लिहिली की ती आतील चिठ्ठीवर उमटते, आणि आधी फोडून मग सोयीचे नाव घालण्याची वाट बंद होते.

दवाखान्यातील परिचारिकेला यात कटकट वाटते, आणि तिची बाजू मला समजते. एकदा पन्नाशीवरील स्त्रियांचा लिफाफा हाती घेऊन एक अनुभवी सिस्टर मला हळूच म्हणाल्या, “सर, या आजी एकट्याच राहतात. घरभेटीचं पाकीट यांना निघालं तर बरं होईल हो.”

“निघालं तर निघेल, सिस्टर. आधी नाव घाला, मग पाकीट फोडू.”

त्यांनी नाव घातले. त्यांच्या बोलण्यात लबाडी तिळमात्र नव्हती. लॅनार्कशायरच्या शिक्षकांचीच माया होती. पण या मायेला ब्लॉकपद्धतीत शिरकाव करण्यास एक फट असते, आणि ती नाण्याच्या पद्धतीत नसते. या अभ्यासात घरभेट कोणाला मिळते ते सर्वांना दिसते, लपवता येत नाही. ब्लॉक चारचा आहे हे ज्याला ठाऊक आहे आणि आधीची तीन पाकिटे ज्याने फोडली आहेत, त्याला चौथ्यात काय आहे ते न फोडताच कळते. पहिली दोन एकसारखी निघाली, तर उरलेली दोन्ही कळतात. हिशेब केला तर सरासरीने दर तीन सहभागींपैकी एकाची जागा अशी आधीच उघडी पडते. ब्लॉक सहाचा केला, तर दर चौघांत एकाची. मग एकट्या आजींना दोन दिवसांनी यायला सांगणे आणि मधल्या वेळी दुसऱ्या कोणाचे नाव घालणे हे सहज घडू शकते, आणि नोंदवहीत कोठेही खाडाखोड दिसत नाही.

याचा बंदोबस्त म्हणजे चार आणि सहाचे ब्लॉक संमिश्र, त्यांचा क्रमही यादृच्छिक, आणि आकारांचा उल्लेख दवाखान्याच्या हाती पडणाऱ्या कोणत्याही कागदात नाही. फट याने अरुंद होते, पुरती बुजत नाही. ब्लॉक जितका लहान तितका समतोल घट्ट आणि गुपित तितकेच पातळ, हा व्यवहार अटळ आहे. म्हणून मी नोंदवहीत लिफाफ्यांचा क्रम आणि त्यांवरील तारखा यांचा मेळ पाहतो. क्रमांक १४ चा लिफाफा १३ च्या आधी फुटला असेल, किंवा पात्र ठरलेल्या रुग्णांची नावे घालण्यास काही ठरावीक लिफाफ्यांपाशीच दिरंगाई होत असेल, तर तेथे जाऊन चौकशी करावी लागते.

दुसरी फट वयाच्या सीमारेषेवर असते, आणि ती आपल्याकडे विशेष रुंद आहे. खेड्यातील कितीतरी वडीलधाऱ्यांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव दाखल करताना गुरुजींनी तीच लिहिली. प्रत्यक्ष वय दोन-तीन वर्षांनी इकडेतिकडे. एकोणपन्नास की एकावन्न हे जेथे बोलण्यावर ठरते, तेथे दोन स्तरांपैकी ज्याचा पुढील लिफाफा सोयीचा वाटेल त्यात माणूस सरकवणे शक्य होते. म्हणून कोणता दाखला ग्राह्य धरावयाचा आणि पूर्ण झालेली वर्षे कोणत्या तारखेस मोजावयाची, हे भरतीपूर्वीच लेखी ठरवून घ्यावे लागते. दाखल्यातील वय खरे नसले तरी चालते. ते लिफाफा निवडणाऱ्याच्या मर्जीवर नसले म्हणजे पुरे.

वय आणि लिंग यांनी एवढे साधते, तर गाव, शिक्षण, मधुमेह यांचेही स्तर का पाडू नयेत, असा आग्रह डॉक्टर मंडळी पुष्कळदा धरतात. दोन लिंगे, तीन वयोगट आणि पाच गावे घेतली की तीस स्तर होतात. अभ्यासात साठ माणसे असतील तर एका स्तराच्या वाट्याला सरासरीने दोन. चारचा ब्लॉक मग बहुतेक ठिकाणी अर्धवट राहतो, आणि अर्धवट ब्लॉकात दोन-शून्य अशी वाटणीही होऊ शकते. अशा तीस स्तरांतील उणे-अधिक एकत्र आले की, ज्या विषमतेपासून दूर जाण्यासाठी हा खटाटोप केला तिच्याच जवळ आपण जाऊन पोचतो. चार स्तर पुरेसे असताना पाचवा मागणाऱ्याला मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवतो.

आणि इतके करूनही एखादा पुरुष चुकून पन्नाशीच्या आतील स्तरात नोंदला गेला, वास्तविक तो बावन्न वर्षांचा होता, असे महिन्याभराने उघडकीस येते. त्याचा लिफाफा परत बंद करू नये, त्याला गट बदलून देऊ नये, आणि दुसऱ्या स्तरातील एक लिफाफा रद्दही करू नये. त्याला जो गट मिळाला तोच कायम राहतो; चूक तारखेसह नोंदवली जाते, आणि अखेरच्या विश्लेषणात, जेथे वय व लिंग यांचा विचार स्तरांनुसार करावाच लागतो, तेथे त्याचे खरे वय घातले जाते.