बटणावर बोट, पण निर्णय कुणाचा?

२३ मार्च २००३. इराकवरील मोहीम आटोपून एक ब्रिटिश टोर्नेडो विमान कुवेतमधल्या तळाकडे परतत होते. अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेने त्याला रडारवर चालून येणारे शत्रूचे क्षेपणास्त्र ठरवले. जवानांनी मारा केला आणि विमानातले दोघेही ठार झाले.

ब्रिटिश चौकशीत कारणे उघड झाली. कोणत्या हालचालीला क्षेपणास्त्र समजायचे, याचे यंत्रातले निकष फार ढोबळ होते. आपले कोण, परके कोण हे विचारणाऱ्या संदेशाला विमानाकडून उत्तर मिळाले नाही. तुकडीची स्वतःची संपर्क-सामग्री अजून पोचली नव्हती, त्यामुळे आकाशाचे पूर्ण चित्र तिच्यासमोर नव्हते. ठरवायला मिळाले जेमतेम एक मिनिट. माणूस हजर होता. पण यंत्राचे म्हणणे पडताळायला त्याच्या हाती काहीच नव्हते.

हे विमान लष्करी होते. त्या जागी नागरिक असते तर? १९७७च्या जिनिव्हा प्रोटोकॉलचे कलम ५७ सांगते, की लक्ष्य नागरी नाही याची शक्य तितकी खात्री करा, आणि लष्करी लाभाच्या मानाने नागरी हानी बेसुमार होणार असेल तर हल्ला थांबवा. हे कर्तव्य हल्ला आखणाऱ्या व ठरवणाऱ्या माणसांचे आहे. स्वायत्त शस्त्राची अडचण इथेच सुरू होते. एकदा सोडल्यावर ते सेन्सरच्या आधारे स्वतःच लक्ष्य निवडते आणि मारते. नेमके कुणाला, कुठे, केव्हा, हे सोडणाऱ्यालाही ठाऊक नसते. शरण यायला हात वर केलेला सैनिक किंवा खांद्यावर नांगर घेतलेला शेतकरी ओळखायला आकार पुरत नाही, प्रसंग कळावा लागतो.

म्हणून २०१३पासून ‘अर्थपूर्ण मानवी नियंत्रणा’ची मागणी होत आहे. त्यासाठी माणसाला पुरेशी माहिती, विचाराला वेळ आणि हल्ला रोखण्याची सोय हवी. शस्त्र किती वेळ, किती परिसरात आणि कशावर चालेल, यालाही आधीच मर्यादा हवी. समुद्रातल्या युद्धनौकेवर येणारी क्षेपणास्त्रे पाडणारी तोफ या मर्यादांत बसू शकते. वस्तीवर तासन्‌तास घिरट्या घालत माणसे शोधणारे ड्रोन बसत नाही. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समितीही माणसांवर चालणाऱ्या स्वायत्त शस्त्रांवर बंदी मागते.

जिनिव्हात २०१४पासून यावर चर्चा चालू आहे, पण बंधनकारक करार झालेला नाही. डिसेंबर २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांविषयीच्या ठरावाला १५२ देशांनी पाठिंबा दिला. विरोधात मते पडली चार; त्यांत रशियासोबत भारतही होता. टोर्नेडोवर मारा करणाऱ्यांना निदान एक मिनिट मिळाले होते. तेही ज्यात उरत नाही, असे शस्त्र आपल्या देशाने नाकारावे, हे नागरिक म्हणून आपणच मागितले पाहिजे.