पाच सेंटिमीटरचं कोडं

आय.एस. २४७० या भारतीय मानकाच्या १९८५च्या आवृत्तीत घरगुती सेप्टिक टँकचा एक लहानसा तक्ता आहे. किती माणसं आणि किती वर्षांनी उपसा, एवढं पाहिलं की लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मिळते. बहुतेक जण आपली ओळ उतरवून घेतात आणि पान मिटतात. मला मात्र त्यातल्या पहिल्या दोन ओळींनी कित्येक वर्षं पछाडलं आहे.

पाच माणसांसाठी टाकी १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद. दरवर्षी उपसा असेल तर खोली १ मीटर, दोन वर्षांनी असेल तर १.०५. म्हणजे आणखी एका वर्षाच्या मैल्याला फक्त पाच सेंटिमीटर! खालच्याच ओळीत दहा माणसांसाठी २ × ०.९ मीटरची टाकी आहे आणि तिथे खोली १ मीटरवरून एकदम १.४ होते.

छपाईची चूक म्हणावी, तर हिशोब तसं म्हणू देत नाही. केंद्राच्या सांडपाणी नियमपुस्तिकेत टाकीचे थर वेगवेगळे मोजलेले आहेत. वर गाळ खाली बसण्यासाठी ३० सेंटिमीटर पाणी. त्याखाली मैला कुजण्यासाठी माणशी ३३ लिटर. तळाशी कुजलेला गाळ साठण्यासाठी माणशी, दरसाल ७३ लिटर. यातला एकच आकडा वर्षांबरोबर वाढतो, तो शेवटचा. म्हणून उपशाचं अंतर दुप्पट केलं तरी टाकी दुप्पट होत नाही.

पाच माणसांचा एका वर्षाचा हिशोब मांडला तर जेमतेम ७७ सेंटिमीटर खोली लागते. पण एक मीटरपेक्षा उथळ टाकी बांधायची नाही, अशी मानकाची अट आहे. सक्तीने मिळालेली ती जास्तीची खोलीच दुसऱ्या वर्षाचा बहुतेक गाळ सामावून घेते, आणि वर थोडीच वाढ लागते. दहा माणसांच्या ओळीत अशी मोकळीक फारशी उरत नाही. तिथले ४० सेंटिमीटर म्हणजे १.८ चौरस मीटर तळावर ७२० लिटर, दहा माणसांचा वर्षाचा गाळ जवळपास तेवढाच.

वाईत २०१८पासून दर तीन वर्षांनी ठरवून उपसा करण्याची योजना आहे, आणि तक्ता तर दोन वर्षांवरच थांबतो. म्हणून तिथल्या दहा माणसांच्या घराचा हिशोब करून पाहू. थर मोजून खोली १.७ मीटर येते, तक्त्याची चाल पुढे नेली तर १.८. मी १.८ धरीन. वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा, म्हणजे आतली उंची २.१ मीटर, आणि पाणी ३,२४० लिटर. हे सगळं फक्त संडासाच्या पाण्यासाठी. न्हाणीचं पाणी यात सोडलं की आकडे मोडलेच.

दोन हजार लिटरवरच्या टाकीत आडवी भिंत घालून दोन कप्पे करतात, पहिला दोन तृतीयांश लांबीचा. ती साडेचार इंची भिंत स्वतःच जागा खाते, म्हणून आतली लांबी २.१२ मीटर घ्यावी.

आता विटा. बाहेरच्या भिंती नऊ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर. भिंतींच्या मध्यरेषेचा घेर ६.९६ मीटर. त्याला ०.२३ आणि २.१ने गुणलं की ३.३६ घनमीटर. आडव्या भिंतीचे ०.२२ मिळवून ३.५८. घनमीटरला पाचशे विटा आणि पाच टक्के मोडतोड धरली तर सुमारे १,८८० विटा. एकास चार माल धरला तर सिमेंटच्या सात गोण्या आणि ब्रासचा एक तृतीयांश वाळू. तळाचं काँक्रीट, झाकण आणि गिलावा वेगळा. अंदाज चुकतो तो बहुधा घेरात: आतल्या मापाने घेर धरला की चारही कोपरे सुटतात आणि सव्वादोनशे विटा कमी पडतात.

उरतो खरा वाद. इंग्लंडमधल्या लफबरोच्या जॉन पिकफर्ड यांनी मांडलेल्या सूत्रात फक्त संडास जोडलेल्या टाकीसाठी गाळ माणशी दरसाल २५ लिटर धरतात. आपले ७३, त्यांचे २५! त्यांच्या हिशोबाने वरच्या घरात तीन वर्षांनी ७५० लिटर गाळ साठेल, आपल्या हिशोबाने २,१९०. पिकफर्ड बरोबर असतील तर आपल्याकडच्या टाक्या आठ-दहा वर्षं बिनतक्रार का चालतात, याचा उलगडा होतो. तरी बांधताना मी ७३च धरीन. टाकी मागाहून खोल करता येत नाही आणि उपसा लांबतोच. शिवाय लांबलेल्या उपशात तळाचा गाळ इतका घट्ट होतो की गाडीचा पंप वरचं पाणी ओढून नेतो आणि गाळ तिथेच राहतो.

कोणता आकडा आपल्या घराला लागू, हे उपशाच्या गाडीपूर्वी कळू शकतं. लांब काठीच्या खालच्या बऱ्याच भागाला पांढरं फडकं गुंडाळून ती झाकणातून सरळ तळापर्यंत उतरवावी, थोडा वेळ थांबून हळूच वर काढावी. फडक्यावर काळा डाग जिथवर चढला तिथवर गाळ. टाकीत वाकून पाहू नये, आत तर मुळीच उतरू नये, कारण तिथल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो. वरचा तवंग आणि खालचा गाळ यांच्यामध्ये ३० सेंटिमीटर पाणी उरलं नसेल, तर ठरलेलं वर्ष यायची वाट पाहू नये.