गतिचाचणी शंभर दाखवते, मग संभाषण का तुटते?

घरात १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे, गतिचाचणीचा काटाही शंभराला टेकतो. आणि तरीही सायंकाळच्या व्हिडिओ कॉलवर समोरचा चेहरा गोठतो, वाक्य अर्ध्यावर तुटते. तक्रार केली की सेवा देणाऱ्या कंपनीचा माणूस येतो, तीच गतिचाचणी करून दाखवतो आणि ‘आमच्याकडून सगळे ठीक आहे’ असे सांगून निघून जातो. तो खोटे बोलत नसतो; त्याने मोजलेली गोष्टच वेगळी असते. एका सेकंदात किती माहिती वाहते, ते गतिचाचणी सांगते. संभाषणाला मात्र एक लहानसे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो आणि तो वेळ दर खेपेस सारखा राहतो का, हे महत्त्वाचे. या वेळेला लेटन्सी, म्हणजे विलंब म्हणतात आणि त्यातील चढउताराला जिटर.

दोहोंपैकी जिटर अधिक त्रासदायक. विलंब सतत ४० मिलिसेकंद असेल तर बोलणाऱ्याला तो जाणवतही नाही. तोच १० आणि १५० यांच्यात हेलकावू लागला, तर ठरावीक अंतराने निघालेली आवाजाची पॅकेटे वेळी-अवेळी पोहोचतात आणि फार उशिरा आलेली टाकून द्यावी लागतात. ऐकणाऱ्याला तेवढा शब्द गळलेला वाटतो.

हे मोजण्याचे साधन प्रत्येक संगणकात आधीपासूनच असते. माईक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ लिहिले; पाणबुड्यांच्या शोधात वापरल्या जाणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याने हे नाव दिले. हाक मारायची आणि प्रतिसाद यायला लागलेला वेळ मोजायचा, एवढेच त्याचे काम. बहुतेक जण मात्र एखाद्या दूरच्या संकेतस्थळाला चार वेळा पिंग करून थांबतात. त्यातून विलंब आहे हे कळते. तो कुठे सुरू होतो हे कळत नाही. त्यासाठी घरातून बाहेर एकेक टप्पा मोजत जावे लागते.

समजा, फोंड्यातील एक जुने चिरेबंदी घर आहे. राउटर बाहेरच्या सोप्यावर, संगणक आतल्या खोलीत. पहिली हाक इंटरनेटला नव्हे, घरच्याच राउटरला द्यायची. विंडोजवर `ipconfig` ही आज्ञा दिल्यावर ‘Default Gateway’समोर दिसतो तो त्याचा पत्ता.

```
ping -n 100 192.168.1.1
```

लिनक्स किंवा मॅकवर `-n`च्या जागी `-c` लिहावे. तिथे शेवटच्या ओळीतील `mdev` किंवा `stddev` हा आकडा चढउताराचा अंदाज देतो. विंडोज तो देत नाही. तिथे शंभर ओळींवरून नजर फिरवावी लागते. या घरात वायफायवरून बहुतेक उत्तरे ३ ते ५ मिलिसेकंदांत येतात, पण मधूनच ८० किंवा १४० उमटतात. तोच संगणक केबलने राउटरला जोडला की शंभरच्या शंभर उत्तरे `<1ms`. म्हणजे पॅकेट अजून घराबाहेर पडलेलेच नाही आणि जिटर सुरू झालेला आहे. जाड चिऱ्याच्या भिंतींमागे वायफायचा संकेत क्षीण होतो, पॅकेटे पुन्हापुन्हा पाठवावी लागतात आणि शेजारच्यांच्या वायफायशीही चढाओढ असते. इथे कंपनी बदलून काहीही सुधारणार नाही. आतल्या खोलीपर्यंत केबल ओढणे हा खरा उपाय.

पुढच्या मोजण्या केबलवरूनच कराव्यात, नाहीतर वायफायचा दोष प्रत्येक आकड्यात मिसळतो. आता ट्रेसरूट लागते. विंडोजवर त्याचे नाव `tracert`. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा लिहिलेला असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. तो जिथे शून्य होतो तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि तसे कळवतो. ट्रेसरूट मुद्दाम १, २, ३ असे आकडे लिहून पॅकेटे पाठवते आणि वाटेतल्या राउटरांना एकामागून एक बोलते करते. या घरातून सकाळी दिसलेले चित्र असे:

```
tracert -d 1.1.1.1

1   <1 ms   <1 ms   <1 ms   192.168.1.1
2    3 ms    3 ms    4 ms   10.20.0.1
3    5 ms    5 ms    5 ms   10.20.8.5
4   94 ms   88 ms   97 ms   172.16.4.9
5   14 ms   14 ms   15 ms   1.1.1.1
```

चौथी ओळ पाहून दचकणारे अनेक. पण पाचव्या टप्प्याचे पॅकेट चौथ्यातूनच पुढे गेले आणि १४ मिलिसेकंदांत परतले. वाटेत खरोखर ९० मिलिसेकंद गेले असते तर ते शक्य नव्हते. मोठे राउटर पॅकेट पुढे ढकलण्याला प्राधान्य देतात आणि आपल्यापुरती उत्तरे सवडीने पाठवतात, म्हणून हा आकडा फुगतो. काही राउटर उत्तरच देत नाहीत. तिथे `*` दिसते. पुढचे टप्पे नीट असतील तर त्याचीही चिंता नको. जो विलंब एका टप्प्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकतो, तोच खरा.

वायफायचा प्रश्न मिटला तरी या घरात रोज रात्री आठच्या सुमारास कॉल अडखळतो. त्या वेळी १९२ने सुरू होणारा घरचा पत्ता पूर्वीसारखाच `<1ms`. दुसऱ्या टप्प्याला पिंग केले तर मात्र ३ ऐवजी २४० मिलिसेकंद. कारण घरातलेच: कुणाचा तरी फोन त्या वेळी दिवसभराचे फोटो वर पाठवत असतो. अपलोडची क्षमता १० एमबीपीएस आणि राउटरच्या बाहेरच्या दारात ३०० किलोबाइटची रांग धरली, तर ती रिकामी व्हायला २४० मिलिसेकंद लागतात. कॉलचे पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभे राहते. राउटर स्वतः लगेच उत्तर देतो, कारण त्याला दिलेली हाक त्या दारापर्यंत जातच नाही. याला बफरब्लोट म्हणतात आणि गतिचाचणीत तो सहसा लपून राहतो. राउटरमध्ये ‘SQM’ची सोय असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष क्षमतेच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी, मग लहान पॅकेटांना मोठ्या फाइलींच्या मागे ताटकळावे लागत नाही. तशी सोय नसेल तर फोटोंचे अपलोड मध्यरात्रीनंतर लावणे हा साधा मार्ग.

घरात काहीही वर जात नसताना, केबलवरून मोजूनही रात्री नऊला तिसऱ्या टप्प्यापासून ६० मिलिसेकंद दिसू लागले, ते पाचव्यापर्यंत टिकले आणि सकाळी पुन्हा १४ झाले, तर दोष बहुधा कंपनीच्या जाळ्यातील गर्दीचा. ‘बहुधा’ म्हणायचे कारण असे की ट्रेसरूट केवळ जाण्याची वाट दाखवते. उत्तर वेगळ्या वाटेने परतू शकते आणि कोंडी तिथेही असू शकते. मात्र सगळाच विलंब गर्दीचा नसतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणून ६०० किलोमीटर लांबीच्या वाटेने जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद लागणारच. दूर देशातील सर्व्हरसाठी हाच आकडा त्या प्रमाणात वाढतो.

तक्रारीसोबत एकच छायाचित्र पाठवण्याऐवजी तीन दिवसांच्या, सकाळच्या आणि रात्रीच्या मोजण्या तारीख-वेळेसह द्याव्यात: घरच्या राउटरचे शंभर पिंग, दुसऱ्या टप्प्याचे शंभर पिंग आणि एक ट्रेसरूट. राउटरचा आकडा `<1ms` असल्याचे त्यातच दिसत असल्याने ‘तुमच्या वायफायचा दोष आहे’ हे ठरलेले उत्तर देता येत नाही, आणि कंपनीच्या तंत्रज्ञालाही कोणत्या टप्प्यापासून शोध घ्यायचा ते कळते.