मोहरी किती ठेवू?

तुम्ही 'बोहो' सर्च करता तेव्हा स्क्रीनवर येतं ते सगळं सत्तरच्या दशकातलं सामान असतं. बेलबॉटम, कफ्तान, सुएडच्या झालरी आणि मातकट रंगांचे ठसे. यातली बेलबॉटम मात्र आपल्या डिलाईल रोडला नवीन नाही. करी रोड आणि लोअर परळ या दोन स्टेशनांच्या मधल्या या गिरणगावात तेव्हा तयार पँट फारसं कुणी घ्यायचं नाही. पँटपीस आणायचा, गल्लीतल्या टेलरकडे टाकायचा आणि त्याने विचारलं, 'मोहरी किती ठेवू?' की १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'ची हवा डोक्यात गेलेल्याने छाती फुगवून म्हणायचं, 'चोवीस!'

मोहरी म्हणजे पायाशी असलेला पँटचा घेर. पण नुसता घेर वाढवला की बेलबॉटम होत नाही. मांडीपासूनच सैल सोडली तर तो पायजमा होतो. बेलबॉटम गुडघ्यापर्यंत अंगाबरोबर येते आणि तिथून घंटेसारखी खुलते. शिवाय कापडाला वजन लागतं. टेरिकॉट तेव्हा चाललं त्याचं हेही एक कारण. त्याला इस्त्रीची घडी टिकते आणि कापड सरळ खाली पडतं. पातळ कॉटनची बेलबॉटम दुपारपर्यंत पायाला गुंडाळली जाते.

आता हजार-दोन हजार घालवण्याआधी कपाटातली जुनी सरळ जीन्स काढा. हिप्पी मंडळींनी हेच केलं होतं, जीन्सची शिवण उसवून मध्ये छापील कापडाची कळी घातली होती. तुमच्या जीन्सची मोहरी १६ इंच असेल आणि २४ हवी असेल, तर प्रत्येक पायात ८ इंचांची कळी लागेल. बाहेरच्या बाजूची शिवण खालून गुडघ्यापर्यंत, साधारण १७ इंच उसवायची. आतल्या बाजूची बहुतेक जीन्समध्ये दुमडून दुहेरी मारलेली असते, तिच्या नादी लागू नका.

कळीसाठी बगरू किंवा अजरखचं जरा जाड कापड अर्धा मीटर पुरतं. ते आधी वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नाहीतर पहिल्याच धुण्यात कळी आटते, शिवण चुण्या धरते आणि लाल रंग जीन्सवर उतरतो. शिलाईसाठी दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच धरून कळी खाली ९ इंच रुंद कापायची.

घोळ होतो तो इथे. बहुतेक जण कळीचा खालचा काठ पट्टीने सरळ कापतात. त्रिकोणाच्या तिरक्या बाजू मधल्या उंचीपेक्षा लांब असतात, त्यामुळे त्या १७ इंचांच्या शिवणीला जुळवल्या की कळीचा मध्य जवळपास अर्धा इंच वर राहतो. घातल्यावर बाहेरच्या बाजूने पँट उचलल्यासारखी दिसते. म्हणून खालचा काठ किंचित गोलाई देऊन कापायचा आणि कापडाचा उभा धागा कळीच्या बरोबर मध्यावर ठेवायचा. दोन्ही तिरक्या कडा उरेब असल्याने त्या ताणल्या जातात. तेव्हा कळी जोडली की पँट एक रात्र टांगून ठेवा, जे लोंबायचं ते लोंबू दे, मग खालची पट्टी दुमडा. टेलरकाकांना हे सगळं ठाऊक असतं, पण 'अर्जंट' म्हटलंत तर टांगायचं राहून जातं.

उंची घेताना जे घालून फिरणार तेच चप्पल-बूट घाला. काठ जमिनीपासून अर्धा इंच वर हवा. त्याहून खाली गेला तर स्टेशनच्या जिन्यावर मागचा माणूस त्यावर पाय देणारच. तेव्हाच्या पोरांनी यावरही उपाय काढला होता. मोहरीच्या आतल्या काठाला धातूची चेन, म्हणजे झिपचीच एक पट्टी, शिवून घ्यायची. कापड घासण्याऐवजी चेन घासायची आणि तिच्या वजनाने फॉलही छान यायचा. (रात्रपाळीहून येणाऱ्याची चाहूल चाळीला लागत असणार!)

कफ्तानसाठी एवढा खटाटोप नाही. तो मुळात एक चौकोन. मधोमध दुमडायचा, गळा कापायचा आणि काखेखालून दोन सरळ शिवणी मारायच्या. आईच्या कपाटातला गाऊन त्याचाच घरगुती भाऊबंद आहे. फक्त कापड सुळसुळीत, खाली पडणारं घ्या, कडक कॉटनचा तंबू होतो.

सुएडचं जाकीट मात्र मुंबईत घेऊ नका. चामड्याची आतली बाजू घासून केलेला तो लवदार पोत पाणी पटकन शोषतो, वाळला की कडक होतो आणि जुलैत कपाटात पांढरी बुरशी धरतो. झालरीची हौस असेल तर छोटी पिशवी घ्या आणि तीही दिवाळीनंतर बाहेर काढा. पावसाळ्यात तिला प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घालून हवेशीर टांगा.