तीस सेकंदांत कल्हई

भांड्यांच्या दुकानदाराला जाहिरातीत काय काय हवं असतं, ते एकदा ऐकून घ्यावं. दुकान सुरू करणाऱ्या आजोबांचा फोटो हवा, स्थापनेचं साल हवं. तांब्या-पितळेची भांडी, स्टीलचे डबे, कुकरची दुरुस्ती, रुखवतात मांडायचे संच, कल्हई, दोन्ही शाखांचे पत्ते, आणि शेवटी सगळं कुटुंब हात जोडून उभं. व्हिडिओ तीस सेकंदांचा आणि फिरणार मोबाइलवर.

नाशिकच्या भांडीबाजारात शोभेल असं एखादं दुकान डोळ्यांसमोर धरू. मालकाची ही यादी जशीच्या तशी घेतली, तर प्रत्येक गोष्टीच्या वाट्याला तीन-साडेतीन सेकंद येतात आणि बघणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही. पण हे मालकाला तोंडी सांगून पटत नाही. कागदावर चौकटी आखून, प्रत्येक चौकटीखाली सेकंद लिहून बेरीज दाखवली, की पटतं. स्टोरीबोर्डचं पहिलं काम हे असं हिशेबाचं आहे. चित्रं सुबक असण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. डोक्यासाठी गोल आणि अंगासाठी काड्या काढल्या तरी भागतं.

चित्रांच्या चौकटी ओळीने भिंतीवर लावून गोष्ट ठरवायची पद्धत 1930च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत रुळली. 1933च्या ‘थ्री लिटल पिग्ज’ या छोट्या कार्टूनपटाचं नाव त्या संदर्भात नेहमी घेतलं जातं. आपल्याकडचं ठळक उदाहरण सत्यजित राय यांचं. कोलकात्यात डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून काम करणाऱ्या राय यांनी 1955मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘पथेर पांचाली’तले प्रसंग आधी वहीत चितारले होते, आणि निर्मात्यांना ती वही दाखवूनच ते सिनेमा समजावून सांगत.

आता दुकानाकडे. यादीतली एकच गोष्ट अशी आहे, जी आजूबाजूच्या दुकानांत सहसा मिळत नाही आणि जी कॅमेऱ्यासमोर जादूसारखी दिसते: कल्हई. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली, की आमटी, ताक, चिंचेचं सार असं काहीही आंबट त्यात कळकतं. हा अनुभव ज्यांच्या घरात पितळ अजून वापरात आहे त्यांना सांगावा लागत नाही, आणि दुकानाचं गिऱ्हाईक तेच आहे. म्हणून बाकीची यादी बाजूला ठेवायची. आजोबांचा फोटो वगळताना थोडी रुसवाफुगवी होते, पण दुकानाच्या चौकटीत मागच्या भिंतीवर तो टांगलेला दिसेल असं चित्रात काढून दिलं, की मालक पुढचं ऐकायला तयार होतो.

कोरा कागद घेऊन दहा उभ्या चौकटी आखायच्या. मोबाइलचा पडदा उभा, म्हणून चौकटही नऊास सोळा या प्रमाणातली उभी. आडव्या चौकटीत काढलेलं चित्र नंतर उभ्यात बसवताना दोन्ही बाजूंची माणसं कापली जातात. प्रत्येक चौकटीखाली चार ओळी मोकळ्या ठेवायच्या: काय घडतं, कॅमेरा कुठे आहे, काय ऐकू येतं आणि पडद्यावर कोणती अक्षरं आहेत. सेकंद कोपऱ्यात.

पहिली चौकट तीन सेकंदांची. क्लोजअप, कॅमेरा वरून: पातेल्याचा आतला भाग, कल्हई उडून पिवळे डाग पडलेले, डाव फिरतोय. पडद्यावर दोनच शब्द, ‘आमटी कळकतेय?’ दुसरी दोन सेकंदांची. मिड शॉट, कॅमेरा आजींच्या डोळ्यांच्या पातळीवर; आमटीची चव घेऊन आजी तोंड वाकडं करतात. अक्षरं नाहीत, कारण चेहरा बोलतोच आहे. तिसऱ्या चौकटीत लाँग शॉट, तीन सेकंद: पातेल्याची पिशवी घेऊन आजी बाजारातून डावीकडून उजवीकडे चालत येतात. चौथीत दुकानाचा काउंटर, पुन्हा तीन सेकंद. पातेलं मालकासमोर, मालक आत डोकावून बघतो, पाठीमागे आजोबांचा फोटो. इथे अक्षरं, ‘कल्हई गेलीय, आजी.’

या तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीत नवखे लोक हमखास फसतात. आजी उजवीकडे चालत आल्या असतील, तर काउंटरवरही त्या पडद्याच्या डाव्या बाजूला, उजवीकडे बघत उभ्या दिसल्या पाहिजेत. दुकानात जागा कमी म्हणून कॅमेरा काउंटरच्या पलीकडे नेला, तर त्या अचानक डावीकडे तोंड करून उभ्या दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, आजी परत घरी निघाल्या की काय. सिनेमावाले याला ‘लाइन क्रॉस झाली’ म्हणतात. शूटिंगच्या गडबडीत ही चूक कोणाला दिसत नाही; कागदावर शेजारीशेजारी असलेल्या दोन चौकटींत लगेच दिसते. त्यासाठी चौकटीत बाण काढतात. माणूस कुठे सरकतो त्याचा बाण चौकटीच्या आत, कॅमेरा कुठे सरकतो त्याचा चौकटीच्या बाहेर. हे दोन बाण एकमेकांत मिसळले, की आजींऐवजी कॅमेराच चालू लागतो.

पाचव्या चौकटीपासून भट्टी. लो अँगल, तीन सेकंद: कॅमेरा जमिनीलगत, निखाऱ्यांवर सांडशीत धरलेलं पातेलं. इथे लो अँगल घेण्याला कारण आहे. खालून बघितलं की भट्टी मोठी वाटते आणि मागचा पसारा चौकटीबाहेर जातो. सहावी दोन सेकंदांची: तापल्या पातेल्यात नवसागराची पूड पडते, पांढरा धूर उठतो.

सातवी चौकट ही या जाहिरातीचा जीव. कथलाची कांडी तापल्या पातेल्याला टेकते, वितळते, आणि कापसाच्या बोळ्यामागोमाग पिवळ्यावर चंदेरी लकाकी पसरत जाते. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे धातूंच्या मानाने फार लवकर, त्यामुळे हे सगळं डोळ्यांदेखत घडतं. याला पूर्ण पाच सेकंद द्यायचे, मध्ये कट नाही आणि पडद्यावर एकही अक्षर नाही. मालक इथे ‘शुद्ध कथील, खात्रीशीर काम’ असं लिहायचा आग्रह धरणार. पण लकाकी पसरताना नजर तिच्यामागे जाते. त्याच वेळी अक्षरं आली तर ना धड ती वाचली जातात, ना लकाकी बघितली जाते.

कागदावर पहिल्या झटक्यात सगळेच या चौकटीला थेट वरचा कॅमेरा काढतात. तो बदलावा लागतो. नवसागराचा धूर आणि भट्टीची धग सरळ वर येते, लेन्स धुरकटते, आणि मोबाइल तापून रेकॉर्डिंग बंद पडू शकतं. कॅमेरा तिरपा, साधारण पंचेचाळीस अंशांवर, वाऱ्याच्या बाजूला ठेवायचा. शिवाय एकदा कथील पसरलं की ते भांडं संपलं. ‘पुन्हा एकदा करा’ म्हणायची सोय नाही. म्हणून या चौकटीखाली ‘तीन भांडी’ असं लिहून ठेवतात. तिन्ही सारख्या मापाची आणि सारखी कळकट हवीत, नाहीतर दोन टेकमधले तुकडे जुळत नाहीत.

आठवीत दोन सेकंद: भांडं पाण्यात बुडतं आणि चर्र आवाज येतो. तो आवाज तिथेच नीट रेकॉर्ड करायचा, संगीताखाली पुरायचा नाही. नववी तीन सेकंदांची. मांडणीतल्या चकचकीत भांड्यांसमोर आजी नव्या कल्हईच्या पातेल्यात डोकावतात. अक्षरं, ‘जुन्या भांड्यांना कल्हई करून मिळेल’.

पितळेचं खरं दुखणं या चौकटीत कळतं. घासलेल्या कळशीचं पोट म्हणजे फुगीर आरसा. कॅमेरावाला, त्याचा स्टँड, छताची ट्यूबलाइट, दारात जमलेली बघ्यांची पोरं, सगळी त्यात बारीक होऊन दिसतात. चित्र काढताना हे सुचत नाही, म्हणून चकचकीत वस्तू असलेल्या प्रत्येक चौकटीखाली ‘प्रतिबिंब?’ असा शेरा मारण्याची सवय चांगली. उपाय साधे आहेत. दिवा आणि भांड्यांच्या मध्ये पांढरी चादर ताणायची, कॅमेरा लांब नेऊन झूम करायचा, आणि कॅमेऱ्यापुढे काळं कापड धरून त्याला लेन्सपुरतं भोक ठेवायचं.

दहावी, शेवटची चौकट चार सेकंद स्थिर. दुकानाचं नाव, ओळखीची खूण, फोन नंबर. चार सेकंदांत दहा आकडी नंबर कोणाच्या ध्यानात राहत नाही, तेव्हा नाव आणि खूण मोठी, नंबर त्याखाली पाच-पाच आकड्यांत तोडून. दोन शाखांचे पत्ते मात्र या चौकटीत मावत नाहीत, आणि ते मावत नाहीत हे मालकाला चौकटीतच पेन्सिलीने लिहून बघायला सांगावं.

अक्षरांचे आणखी काही जाच आहेत. मोबाइलवर पडद्याच्या तळाशी आणि उजव्या कडेला ॲपची नावं आणि बटणं येतात. तिथे लिहिलेली ओळ झाकली जाते. म्हणून स्टोरीबोर्डमध्ये तेवढी पट्टी आधीच रेघोट्या मारून बाद करायची. ओळ पडद्यावर असेपर्यंत ती सावकाश दोनदा वाचून झाली पाहिजे, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. देवनागरीत दोन ओळी एकमेकींना चिकटवल्या, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. काही एडिटिंग ॲप्स जोडाक्षरं फोडतात आणि ‘कल्हई’तला ल पाय मोडून उभा राहतो. ज्या ॲपमध्ये व्हिडिओ जोडायचा, त्यातच या चार-पाच ओळी आधी टाइप करून बघितल्या तर फाँट वेळेत बदलता येतो.

बेरीज बरोबर तीस भरली, तरी कागदावरचे तीन सेकंद आणि पडद्यावरचे तीन सेकंद यांत फरक असतो. त्यासाठी दहाही चौकटींचे मोबाइलवर फोटो काढून ते ठरलेल्या सेकंदांप्रमाणे ओळीने लावतात, आणि कोणीतरी संवाद वाचतं. असा कच्चा व्हिडिओ घरातल्या एखाद्या अनभिज्ञ माणसाला आवाज बंद करून दाखवावा, कारण मोबाइलवर पुष्कळजण आवाज बंदच ठेवतात. पहिल्या चौकटीत काय कळकलंय हे त्याला समजलं नाही, तर डाग मोठे काढायला हवेत.

शूटिंगचा क्रम मात्र वेगळाच असतो. भट्टी पेटवायला वेळ लागतो, म्हणून पाच ते आठ एकाच बैठकीत. बाजारातली तिसरी चौकट सकाळी दुकानं उघडता उघडता, गर्दी व्हायच्या आत. आजींच्या घरातल्या पहिल्या दोन शेवटी. त्यात एक मेख आहे. पहिल्या चौकटीतलं डागाळलेलं पातेलं भट्टीवर गेलं, तर ते पुन्हा डागाळलेलं मिळणार नाही, तेव्हा चौथं जुनं भांडं बाजूला काढून ठेवावं लागतं.

याच कागदावरून पंधरा सेकंदांची छोटी जाहिरातही निघते. एक, सहा, सात आणि दहा या चौकटी ठेवायच्या. बेरीज चौदा होते, आणि उरलेला सेकंद सातवीला द्यायचा.