१२ टक्के महाग की साडेबारा? महिन्याच्या चक्रवाढीचा हिशोब

समजा, मशीन घ्यायला तुम्हाला २ लाख रुपये हवे आहेत. मधे हप्ता नाही, तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकरकमी द्यायचं. दोन जण पैसे द्यायला तयार आहेत. पहिला म्हणतो, "वर्षाला १२ टक्के, व्याज दर महिन्याला मुद्दलात जमा." दुसरा म्हणतो, "साडेबारा टक्के, व्याज वर्षातून एकदाच जमा." कोणाकडून घ्याल? बहुतेक जण १२ टक्केवाल्याला हो म्हणतील. आधी हिशोब करू.

महिन्याची चक्रवाढ असेल तर दोन गोष्टी बदलायच्या. वर्षाच्या दराला १२ ने भागायचं आणि वर्षांना १२ ने गुणायचं. म्हणजे दर महिना १ टक्का आणि ३६ महिने.

पहिल्या महिन्याचं व्याज २,००० रुपये. आता रक्कम झाली २,०२,०००. दुसऱ्या महिन्याचं व्याज या रकमेवर लागतं, म्हणून ते २,०२० होतं. हे जादा २० रुपये म्हणजे व्याजावरचं व्याज. असं दर महिन्याला वाढत जातं आणि वर्षअखेर रक्कम २,२५,३६५ होते. म्हणजे बोलण्यात १२ टक्के असले तरी खरा वार्षिक दर १२.६८ टक्के पडला. साडेबारापेक्षा जास्त!

आता तीन वर्षांचं बघा. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=200000*(1+12%/12)^(12*3)
=200000*(1+12.5%)^3
```

पहिलं उत्तर साधारण २,८६,१५४ रुपये, दुसरं २,८४,७६६. म्हणजे साडेबारावाला जवळपास १,३९० रुपयांनी स्वस्त आहे. हेच पैसे तुम्ही ठेव म्हणून ठेवत असाल, तर मात्र उलटं. तिथे महिन्याची चक्रवाढ तुमच्या फायद्याची.

चूक कुठे होते? दोनपैकी एकच गोष्ट बदलली जाते. दर १ टक्का केला पण ३ वर्षं तशीच ठेवली, तर उत्तर २,०६,०६० येतं. तीन वर्षांत फक्त सहा हजार व्याज? शक्य नाही. उलट महिने ३६ केले पण दर १२ टक्केच ठेवला, तर उत्तर एक कोटी अठरा लाखांच्या वर जातं. म्हणून आधी सरळव्याज काढून ठेवा: दोन लाखांवर वर्षाला २४,०००, तीन वर्षांचे ७२,०००. चक्रवाढीचं उत्तर २,७२,००० पेक्षा थोडं जास्त यायला हवं.

एक लक्षात ठेवा, व्याज दर महिन्याला चुकतं केलं तर चक्रवाढ होतच नाही. मुद्दल २ लाखच राहतं. त्यामुळे सही करण्याआधी दर तर विचाराच, पण "व्याज मुद्दलात कधी जमा होणार?" हेही विचारा आणि ते कागदावर लिहून घ्या.