फाइल समोर दिसते, पण उघडत नाही

सकाळी ऑफिस उघडतं, तीन जण आपापल्या संगणकांवर बसतात आणि हिशेबाची फाइल उघडायला जातात. सर्व्हरवरचा फोल्डर दिसतो, त्यात कंपनीची फाइलही दिसते. क्लिक केलं की मात्र पडद्यावर H202 येतं. फाइल दुसऱ्या संगणकावर आहे आणि तिथवर पोचता येत नाही, असं तो संदेश सांगतो. फाइल बिघडली, ही पहिली भीती. ती बहुतेक वेळा खोटी ठरते. फाइल धडधाकट असते, फक्त तिचा ताबा भलत्याच संगणकाकडे गेलेला असतो किंवा ताबा घेणारी सेवा बंद पडलेली असते.

हे उदाहरण क्विकबुक्स डेस्कटॉपचं आहे. अमेरिकेतल्या लहान व्यवसायांमध्ये हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं रुजलं आहे. ३० सप्टेंबर २०२४ नंतर तिथे त्याच्या प्रो आणि प्रीमियर आवृत्त्या नव्या ग्राहकांना मिळणं थांबलं, तरी जुन्या वर्गणीदारांचं काम त्यांच्यावरच चालू राहिलं. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी कंपन्यांची खाती लिहिणाऱ्या अकाउंटंटांनाही हा अनुभव नवा नाही.

घोटाळा समजून घ्यायचा तर एक गैरसमज आधी दूर करायला हवा. फोल्डर शेअर केला म्हणजे फाइल सगळ्यांनी मिळून उघडली, असं होत नाही. क्विकबुक्सची .QBW फाइल हा एक डेटाबेस आहे, आणि एका वेळी एकच सेवा तो हाताळू शकते. सर्व्हरवर पडद्यामागे चालणाऱ्या या सेवेचं नाव २०२३ च्या आवृत्तीत QuickBooksDB33 असं असतं, २०२४ च्या आवृत्तीत QuickBooksDB34. जुन्या कचेरीतल्या दप्तरखान्यासारखंच हे आहे: जाळीतून वह्या सगळ्यांना दिसतात, पण वही काढून नोंद करण्याचा अधिकार आतल्या एकाच कारकुनाचा. तुम्ही टेबलावर बसून बिल सेव्ह करता तेव्हा तुमचा संगणक त्या सेवेला नेटवर्कवरून निरोप देतो आणि फाइलमध्ये ती लिहिते.

आता ही सेवा कुठल्या संगणकावर बसली आहे, हे बाकीच्यांना कसं कळतं? त्यासाठी कंपनीच्या फाइलशेजारीच त्याच नावाची, शेवटी .ND असलेली एक छोटी फाइल असते. नोटपॅडमध्ये ती उघडून वाचता येते. तिच्यात इतर ओळींबरोबर सेवेचा पत्ता असतो.

न्यू जर्सीतल्या एका लहान वितरक कंपनीचं काल्पनिक उदाहरण घेऊ. सर्व्हरचा पत्ता 192.168.1.10 आहे आणि रिसेप्शनवर नुकताच नवा संगणक आला आहे, त्याचा पत्ता 192.168.1.25. त्यावर क्विकबुक्स बसवताना इंस्टॉलरने विचारलं की हा संगणक कसा वापरणार. बसवणाऱ्याने जो पर्याय निवडला त्याचा अर्थ होता, 'कंपनीची फाइल याच संगणकावर राहील आणि इथून सगळ्यांना मिळेल.' पुढे सर्व्हरवरची फाइल उघडताना होस्टिंग सुरू करायचं का, असा प्रश्न आला, त्यालाही होकार गेला. झालं! आता रिसेप्शनच्या संगणकावरची सेवा फाइलचा ताबा घेते आणि .ND मध्ये आपला पत्ता लिहून मोकळी होते:

```
ServerIp=192.168.1.25
```

गंमत अशी की त्या दिवशी कुणाला काहीच कळत नाही. काम चालू राहतं, फक्त जरा संथ. कारण प्रत्येक नोंद आधी रिसेप्शनला जाते आणि तिथून परत सर्व्हरवरच्या फाइलपर्यंत. रिसेप्शनचा संगणक बंद झाला की मात्र बाकीचे सगळे अडकतात. तो सुरू असतानाच फाइल उघडते आणि तो बंद असला की H202 येतं, एवढं एक निरीक्षण निदानाला जवळपास पुरेसं आहे. खात्रीसाठी प्रत्येक संगणकावर क्विकबुक्समध्ये F2 दाबावं. उघडणाऱ्या माहितीच्या खिडकीत होस्टिंगची स्थिती दिसते. सर्व्हर सोडून इतर कुठेही ते चालू दिसलं, की चोर सापडला.

उपाय क्रमाने करायचा, घाई नको. सगळ्यांनी क्विकबुक्स बंद करावं. रिसेप्शनच्या संगणकावर File, मग Utilities आणि तिथे Stop Hosting Multi-User Access. त्यानंतर सर्व्हरवर जाऊन services.msc मध्ये QuickBooksDB33 आणि QBCFMonitorService या दोन्ही सेवा चालू आहेत का, ते पाहावं. जुन्या .ND फाइलचं नाव बदलून ती बाजूला ठेवावी आणि QuickBooks Database Server Manager उघडून तो फोल्डर स्कॅन करावा. नवी .ND तयार होते आणि तिच्यात सर्व्हरचा पत्ता येतो. शेजारच्या .TLG फाइलला मात्र हात लावू नये. बॅकअपनंतरच्या व्यवहारांचा माग तिच्यात असतो आणि खरोखरच फाइल बिघडली तर तीच कामी येते.

अडवणुकीचा दुसरा प्रकार अगदी वेगळा आहे, आणि तो भारतातून घडतो. पुण्यातला अकाउंटंट रिमोट डेस्कटॉपने त्याच सर्व्हरवर काम करतो. दोन खाती एकत्र करायची आहेत, आणि हे काम सिंगल-युजर मोडमध्येच होतं. तो मोड बदलतो, काम उरकतो आणि संध्याकाळी साडेसहाला खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून घरी जातो. उन्हाळ्यात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजलेले असतात. फुलीने फक्त जोडणी तुटली. त्याचं सत्र सर्व्हरवर जिवंत आहे, क्विकबुक्स उघडं आहे, फाइल सिंगल-युजरमध्येच आहे. तिथल्या लोकांना तो कुठेच दिसत नाही, पण फाइल त्याच्याच हातात आहे.

हे ओळखायला सर्व्हरवर एक आज्ञा पुरते:

```
query user
```

त्याच्या नावासमोर Disc दिसलं तर सत्र अर्धवट सुटलं आहे. अशा वेळी आधी फोन करून त्यालाच परत जोडून फाइल नीट बंद करायला सांगणं उत्तम. फोन लागलाच नाही तर logoff आणि सत्राचा क्रमांक देऊन ते संपवता येतं, पण सेव्ह न केलेली नोंद त्याबरोबर जाते. हा निर्णय सर्व्हर सांभाळणाऱ्यानेच घ्यावा. पुण्यातल्या टीमसाठी नियम एकच: जाताना फुली नाही, क्विकबुक्स बंद आणि मग Sign out.

अशा सकाळी एक पळवाट फार मोह पाडते. मला ती सगळ्यात घातक वाटते. ग्राहक समोर उभा आहे, बिल काढायचं आहे, म्हणून कुणीतरी फाइलची प्रत आपल्या डेस्कटॉपवर घेतो आणि तिच्यावर काम सुरू करतो. प्रत उघडते, कारण तिच्यावर कुणाचा ताबा नसतो. तासाभराने मूळ फाइलही चालू होते आणि बाकीचे तिच्यात नोंदी करू लागतात. आता दोन्हीकडे पुढच्याच क्रमांकाचं बिल निघालेलं असतं, पण ग्राहक वेगळे. या दोन फाइली एका बटणाने एकत्र होत नाहीत. प्रतीतली प्रत्येक नोंद मूळ फाइलमध्ये पुन्हा भरावी लागते. त्यात एखादी पावती सुटली तर ती थेट महिनाअखेरीला बँकेशी ताळमेळ घालताना सापडते, आणि तोवर त्या ग्राहकाला पैसे भरल्यानंतरही थकबाकीचं पत्र गेलेलं असतं. त्यापेक्षा अर्धा तास हाताने कच्चं बिल लिहावं, आणि फाइल सुटली की त्याची नोंद करावी.